इंदूरचं एक घर घेऊन बघ

अगं, गरिबीच्या मोजमापावरच्या तुझ्या पेपरात दारिद्र्यरेषा उत्पन्नावर ठरते असं लिहिलंयस; आधी ‘उत्पन्न’ हा शब्द खोड. तेंडुलकर समितीची दारिद्र्यरेषा खर्चावर आहे: 2011-12 मध्ये देशपातळीवर शहरात दरडोई महिन्याला 1000 रुपये.

आता मालवा मिलकडचं पाच जणांचं एक घर कल्पून बघ. त्या वर्षी महिन्याचा खर्च 5600, म्हणजे रेषेच्या वर. पण त्यातले 900 कर्ज काढून दवाखान्यात गेले. रेषेला हे आजारपण संपन्नता वाटतं!

आता नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक लाव; त्यात प्रत्येक वंचनेला ठरलेला भार असतो. इंधन, घर, शौचालय या तिन्हींत वंचित: 3/21. मुलगा शाळेबाहेर: आणखी 1/6. बेरीज 0.31, गरीब ठरायचा उंबरठा 0.33. घर गरीब नाही. घरात कुणाचंच बँक खातं नसेल, तर 1/21 वाढून 0.36, आणि घर गरीब! खातं उघडलं की पुन्हा बाहेर; शाळा सुटलेलीच. मजुरी बुडाली तरी हा आकडा लगेच हलत नाही, पण वंचना नेमकी कुठे ते दाखवतो.

रेषेची आणि निर्देशांकाची गरिबांची टक्केवारी एकमेकींतून वजा मात्र करू नकोस. निर्देशांक ज्यावर उभा आहे ते एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, घरखर्च मोजत नाही; खर्चाचे आकडे दुसऱ्या सर्वेक्षणातून येतात, त्यामुळे दोन्हीकडची घरं वेगळी.