पोर्ट्रेटमधला व्हाइट बॅलन्स : ग्रे कार्ड, पांढरा सदरा आणि निळी ताडपत्री

प्रश्न : आईचे घरच्या घरी पोर्ट्रेट काढतो, पण चेहरा कधी निळसर तर कधी पिवळट येतो. ग्रे कार्ड घ्यावेच लागेल का, की पांढरा कागद किंवा पांढरा सदरा चालेल?

कागद अडीअडचणीला चालतो, सदरा मात्र शक्यतो टाळावा. स्वस्तातले साधे ग्रे कार्ड, म्हणजे कोणत्याही रंगाची झाक नसलेले करडे कार्ड, या दोन्हींपेक्षा भरवशाचे असते. मला हे पटले ते गेल्या पावसाळ्यात आत्याचा फोटो काढताना, म्हणून तोच प्रसंग सांगतो.

आत्या गिरगावातल्या एका चाळीत राहते. जुलै महिना होता आणि गॅलरीवर पाणी येऊ नये म्हणून सगळ्या मजल्याने निळी ताडपत्री बांधलेली होती. तिच्या पंचाहत्तरीनिमित्त फोटो हवा होता, तो मी गॅलरीतच तिला खुर्चीवर बसवून काढला. डोळ्यांना तो उजेड अगदी स्वच्छ वाटत होता, कारण आपला मेंदू काही मिनिटांत त्या निळेपणाला सरावतो. संगणकावर पाहिले तेव्हा आत्याचा चेहरा थंडीने गारठल्यासारखा निळसर दिसत होता. शेजारी बसलेल्या काकांनी पांढराशुभ्र झब्बा घातला होता, म्हणून मी लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये W दाबून व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे उजेडाच्या रंगाची झाक काढून टाकण्याचा, ड्रॉपर घेतला आणि झब्ब्याच्या कॉलरवर क्लिक केले. फोटो किती पिवळा वा निळा करायचा ते केल्व्हिनमध्ये सांगणारा Temp चा आकडा 5200 वरून थेट 9400 वर गेला आणि आत्याचा चेहरा हळद लावल्यासारखा पिवळा झाला. तिचे रुपेरी केसही पिवळट दिसू लागले.

इथे दोष ड्रॉपरचा नव्हता. ज्या जागी आपण क्लिक करतो ती जागा खरोखर तटस्थ, म्हणजे कुठल्याच रंगाची झाक नसलेली, आहे असे सॉफ्टवेअर गृहीत धरते, तिथला लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे सारखे करते आणि तोच बदल साऱ्या फोटोला लावते. काकांचा झब्बा मुळातच निळसर होता. एक तर घरी त्याला नीळ घातली जाते, आणि शिवाय बहुतेक डिटर्जंटमध्ये असे पदार्थ असतात जे उजेडातले अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात, ज्यामुळे कपडा ‘जास्त पांढरा’ भासतो. सॉफ्टवेअरने ताडपत्रीच्या निळेपणाबरोबर झब्ब्याचा निळेपणाही पुसून काढला, आणि तो पुसण्यासाठी चेहऱ्यावर जो पिवळा रंग चढला त्याची चेहऱ्याला मुळीच गरज नव्हती. झेरॉक्सच्या पांढऱ्या कागदातही हेच पदार्थ असतात, त्यामुळे उघड्या उजेडात तो कागदही तुम्हाला पिवळ्याकडे ढकलतो. घरातल्या एलईडी दिव्याच्या प्रकाशात अतिनील भाग जवळजवळ नसतो, म्हणून तिथे कागदाची चूक कमी होते आणि अडचणीच्या वेळी तो चालून जातो.

सुदैवाने त्या दिवशी मी कार्ड धरूनही एक फोटो घेऊन ठेवला होता. त्या कार्डावर क्लिक करण्याआधी लाइटरूममध्ये आकडे साधारण असे दिसत होते : लाल 38, हिरवा 43, निळा 51. क्लिक केल्यावर तिन्ही 44 च्या आसपास एकत्र आले आणि Temp 7600 वर थांबला. झब्ब्याच्या आणि कार्डाच्या उत्तरात 1800 केल्व्हिनचा फरक पडला होता. चेहरा आत्याचा वाटू लागला, केस पुन्हा रुपेरी झाले आणि झब्ब्यात किंचित निळी झाक राहिली, जी प्रत्यक्षातही होती. तुम्हीही तपासताना चेहऱ्याकडे कमी आणि पिकलेल्या केसांकडे जास्त पाहा, कारण चेहऱ्याचा खरा रंग कोणता याविषयी आपली खात्री पटकन डळमळते. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर किंवा दातांवर क्लिक करण्याचा मोह मात्र आवरा. वय वाढते तसे ते दोन्ही पिवळट होतात, आणि ते तटस्थ केले की उरलेला चेहरा निळा पडतो.

कार्ड धरण्याची पद्धत अवघड नाही, पण तीत निष्काळजीपणा चालत नाही. आईने कार्ड स्वतःच्या गालाजवळ, ज्या गालावर मुख्य उजेड पडतो त्याच बाजूला धरावे, आणि त्याचे तोंड खिडकी व कॅमेरा यांच्या मधल्या दिशेला असावे. कार्ड मांडीवर ठेवले तर त्यावर साडीचा किंवा जमिनीचा रंग पडतो आणि तुम्ही चेहऱ्यावरच्या उजेडाऐवजी फरशीवरून परतलेला उजेड मोजून बसता. कार्डावर चकाकी दिसत असेल तर ते थोडे कलते करा. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्के न केलेल्या फाइलमध्ये घ्या, पहिला फोटो कार्डासह आणि नंतरचे सगळे कार्डाशिवाय, त्याच जागी व त्याच उजेडात. संगणकावर पहिल्या फोटोतून मिळालेला व्हाइट बॅलन्स बाकीच्यांना लावला की काम झाले. जेपेग काढणार असाल तर कॅमेऱ्यातला कस्टम व्हाइट बॅलन्सचा पर्याय वापरून आधीच कार्डावर मोजून घ्यावे लागते, कारण जेपेगमध्ये नंतर मोठी दुरुस्ती केली की रंग फाटतात.

पांढऱ्या वस्तूची आणखी एक खोड आहे. एक्सपोजर जरा जास्त झाले की पांढऱ्या भागात एखादा रंग आपल्या कमाल मर्यादेला जाऊन अडतो, तेव्हा तिन्ही रंगांचे खरे प्रमाण फोटोत उरतच नाही आणि ड्रॉपर चुकीचे उत्तर देतो. करडे कार्ड मधल्या उजेडाचे असल्यामुळे ही भीती सहसा नसते. त्यावर लिहिलेला 18 टक्के हा आकडा एक्सपोजरसाठी असतो. व्हाइट बॅलन्ससाठी फक्त ते तिन्ही रंग सारखेच परत पाठवते ना, एवढेच महत्त्वाचे. फोर्टमधल्या बोरा बाजारात अशी कार्डे मिळतात. लगेच जाणे जमणार नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून नळाच्या सांध्याला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आणा आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तिचे सात-आठ थर द्या, कारण एक-दोन थरांतून मागचा पुठ्ठा झिरपून दिसतो. टेफ्लॉनमध्ये ते चमकवणारे पदार्थ नसतात आणि ते सगळे रंग जवळजवळ सारखेच परत पाठवते, म्हणून ही टेप कागदापेक्षा कितीतरी प्रामाणिक ठरते. फक्त एक्सपोजर थोडे कमी ठेवा.

कार्ड जे करू शकत नाही तेही लक्षात असू द्या. आत्याच्या गॅलरीची भिंत हिरव्या ऑइलपेंटची होती, आणि तिच्या हनुवटीखाली व भिंतीकडच्या जबड्यावर हिरवट छटा उरली, जी कार्डाने गेली नाही, कारण कार्डाचे तोंड उजेडाकडे होते, भिंतीकडे नव्हते. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र पडत असतील तरी हेच होते : एक गाल बरोबर येतो आणि दुसरा हिरवट किंवा पिवळा राहतो. तुमचे फोटो कधी निळसर, कधी पिवळट येतात, त्याचेही हेच कारण असावे असा माझा अंदाज आहे. तेव्हा आधी घरातले दिवे बंद करा आणि आईला रंगीत भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे बसवा. मग कार्डाचे दोन फोटो घ्या, एक खिडकीच्या बाजूच्या गालाजवळ आणि एक दुसऱ्या गालाजवळ. दोन्हींवर क्लिक करून Temp मध्ये दोन-तीनशेचाच फरक पडला तर खिडकीच्या बाजूचा आकडा बिनधास्त वापरा, आणि हजाराच्या घरात फरक पडला तर खुर्ची हलवा.