संत्र्याची साल, फ्लोराइड आणि लॅबच्या पेपरचं कॅप्शन

प्रश्न: नागपुरात युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये पीएचडी करतेय. आमचा पेपर आलाय, संत्र्याच्या सालीच्या पावडरवर झिर्कोनियम चढवून पाण्यातलं फ्लोराइड काढायचं काम आहे. लॅबच्या इन्स्टा आणि फेसबुकचं कॅप्शन सरांनी माझ्याकडे दिलंय, फॉलोअर बहुतेक सायन्सचे नाहीत. मी लिहिलंय: "नागपुरी संत्र्याची साल ठरली वरदान! पाण्यातलं ९०% फ्लोराइड चुंबकासारखं खेचून घेणारं आमच्या लॅबचं संशोधन." चालेल का? काय बदलू?

उत्तर:

ताई, पेपर आला त्याचं अभिनंदन, पण हे कॅप्शन असंच टाकू नका. सगळ्यात आधी त्यातली साल बघा, कारण तिथेच घोळ आहे. तुमच्या कॅप्शनमध्ये झिर्कोनियम कुठेच नाही, आणि खरं काम तर तेच करतंय. सालीत पेक्टिन असतं, त्यामुळे साध्या पाण्यात सालीवर ऋण भार येतो, आणि फ्लोराइडही ऋण भाराचंच, म्हणजे नुसती साल त्याला धरत नाही, उलट लांबच ठेवते. साल झिर्कोनियमला मात्र घट्ट पकडते आणि मग त्या झिर्कोनियमवर फ्लोराइड बसतं. साल इथे आधार आहे, स्वस्त आहे, आपल्याकडे सीझनमध्ये ढिगाने मिळते, हे सगळं सांगाच, पण फ्लोराइड पकडायचं श्रेय तिला देऊ नका.

हे मी शास्त्राच्या काटेकोरपणासाठी नाही म्हणून राहिलो. तुमचे फॉलोअर कोण आहेत ते डोळ्यासमोर आणा. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात, मोठ्यांची हाडं-सांधे आखडतात. तिथल्या कोणाच्या फोनवर "संत्र्याच्या सालीने ९०% फ्लोराइड जातं" एवढंच पोचलं तर तो माणूस काय करेल? साली वाळवून माठात टाकेल, आणि तेच पाणी निर्धास्तपणे पोरांना देईल. डाग आणि सांधे दोन्ही हळूहळू वाढणारे, त्यामुळे फायदा होत नाहीये हे त्याला वर्षानुवर्षं कळणारही नाही. म्हणून "घरी साल टाकून हे होत नाही" हे वाक्य कॅप्शनमध्ये हवंच, आणि तेही वरच्या भागात, कारण इन्स्टावर पहिल्या दोनेक ओळींनंतर बाकीचं झाकलं जातं आणि बरेच लोक पुढचं उघडतच नाहीत.

आता तुमच्या ९०% वर येतो. टक्क्यांमध्ये किती काढलं ते कळतं, पण पिणाऱ्याला किती उरलं ते पाहिजे असतं. आपल्या भारतीय मानकात (आयएस १०५००) फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. तर बघा, १० मिलिग्रॅमच्या पाण्यातून ९०% काढलं तर १ उरतं, ठीक. २० मधून ९०% काढलं तर २ उरतं, म्हणजे आकडा तोच आणि पाणी पिण्यालायक नाही. त्यातून तेवढ्याच पावडरीत जास्त फ्लोराइडचं पाणी घातलं की टक्का स्वतःच खाली येतो, कारण झिर्कोनियमवरच्या जागा मोजक्या असतात. म्हणून ते चुंबक पण काढाच, चुंबक म्हटलं की लोकांना वाटतं हे कायम खेचत राहील. त्यापेक्षा बसमधल्या सीटा म्हणा, भरल्या की पुढच्याला जागा नाही, आणि त्यात बायकार्बोनेटसारखे दुसरे प्रवासीही शिरतात. एवढ्यात सामान्य माणसाला पावडर बदलावी का लागते तेही कळतं.

आणि हे बायकार्बोनेट प्रकरण जरा नीट समजून घ्या, कारण कॅप्शनमध्ये कोणता आकडा टाकायचा ते यावरच ठरतं. तुमच्या पेपरचा मेथड्सचा भाग उघडा. तिथे सोडियम फ्लोराइड डिस्टिल्ड किंवा डिआयोनाइज्ड पाण्यात विरघळवलं असं असेल (बहुतेक असेलच, सगळे तसंच सुरू करतात) तर तो ९०% हा लॅबमध्ये बनवलेल्या पाण्याचा आकडा झाला, आणि तोही बहुधा पीएच आम्लाकडे ठेवून मिळालेला. फ्लोराइडवाल्या बोअरचं पाणी नेमकं उलट असतं, अल्कलीकडे झुकलेलं, बायकार्बोनेट भरपूर, कॅल्शियम कमी. पीएच वर गेला की हायड्रॉक्साइड फ्लोराइडच्याच जागांसाठी भांडतं आणि पावडरीची ताकद पडते. यात तुमच्या पावडरीचा काही दोष नाही, या जातीच्या बहुतेक मटेरियलचं असंच असतं. म्हणून चांगल्या पेपरात शेवटाकडे खऱ्या विहिरीच्या किंवा बोअरच्या सॅम्पलवरचा एक छोटा भाग असतो, एखादंच टेबल, तिथला टक्का सहसा कमी असतो आणि अॅब्स्ट्रॅक्टमध्ये त्याला फारसं कोणी आणत नाही. कॅप्शनचा आकडा मात्र तिथून घ्या, कारण तुमचा वाचक तेच पाणी पितो.

तुमचे आकडे माझ्यासमोर नाहीत, तर मी हिशोबापुरते धरतो, तुम्ही तुमचे घाला. समजा लॅबच्या पाण्यात १० वरून १ वर आलं, म्हणजे तुमचे ९०%. आणि बोअरच्या सॅम्पलमध्ये ४.२ होतं ते १.४ वर आलं. टक्क्यात हे जेमतेम ६७ भरतात, म्हणून लपवावंसं वाटतं, पण मला विचाराल तर खरी बातमी हीच आहे, कारण पिता न येणारं पाणी १.५ च्या आत आलं. पण १ च्या वरच आहे, तेही सांगायचं. पावडर लिटरला ४ ग्रॅम लागली असं धरलं तर घरात पिण्या-स्वैपाकाला १२ लिटर लागतं म्हणून रोज ४८ ग्रॅम, म्हणजे महिन्याला जवळपास दीड किलो. हा गुणाकार कॅप्शनमध्ये नाही टाकला तरी चालेल, पण स्वतः करून ठेवा, पहिल्या दहा कमेंटमध्ये कोणीतरी "घरी किती लागेल" विचारणारच. पावडर धुऊन परत वापरता येते का हे पेपरात तपासलं असेल तर त्याच उत्तरात सांगून टाका.

या धरलेल्या आकड्यांवर मी असं लिहिलं असतं:

"बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड लिटरला ४.२ मिलिग्रॅमवरून १.४ वर आणता आलं, आमच्या लॅबमध्ये, बीकरमध्ये. घरी पाण्यात संत्र्याची साल टाकून हे होत नाही, कृपया तसं करू नका.

आम्ही संत्र्याच्या वाळलेल्या सालीची पावडर केली आणि तिच्यावर झिर्कोनियम नावाचा धातू चढवला. फ्लोराइड त्या धातूवर बसतं, साल फक्त धातूला धरून ठेवते. बसच्या सीटांसारख्या या जागा भरल्या की पावडर बदलावी लागते.

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड १ पर्यंत असावं, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. म्हणजे आम्ही मर्यादेच्या आत आलो, पण अजून खाली जायचंय. लॅबमध्ये तयार केलेल्या पाण्यात यापेक्षा चांगला रिझल्ट मिळाला, पण बोअरच्या पाण्यात इतर क्षार असतात, ते पण या जागा अडवतात.

सतत पाणी वाहत्या फिल्टरमध्ये हे अजून तपासायचं आहे. घरी वापरायचं फिल्टर अजून तयार नाही. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने ते वाढतं. तुमच्या बोअरची शंका असेल तर आधी पाणी तपासून घ्या."

"वरदान" मी मुद्दाम काढलं. नागपूरच्या माणसाला संत्र्याचं नाव वाचूनच थांबावंसं वाटतं, त्याला आणखी विशेषण लागत नाही. फिल्टरचं वाक्य तुमच्या पेपरात कॉलमचा प्रयोग झाला असेल तर बदला, फक्त बीकरमध्ये हलवून केलं असेल तर तसंच राहू द्या. बीकरमध्ये पावडर आणि पाणी तास-दीड तास एकत्र फिरतं, फिल्टरमधून पाणी काही मिनिटांत निघून जातं, त्यामुळे बीकरचा आकडा फिल्टरला लावता येत नाही.

एक गोष्ट सरांना विचाराच, ट्रीट केलेल्या पाण्यात झिर्कोनियम किती उतरलं हे मोजलंय का. मोजलं असेल तर एक ओळ वाढवा, लोकांचा विश्वास त्यानेच बसतो. मोजलं नसेल तर "सुरक्षित", "पिण्यायोग्य", "केमिकल-फ्री" यातला एकही शब्द कॅप्शनमध्ये येऊ देऊ नका, केमिकल-फ्री तर तसंही नाहीच, धातूचं मीठ वापरूनच ते चढवलंय ना.

कमेंटमध्ये नागपूरचे लोक हमखास विचारतील की नीरीची नालगोंडा पद्धत आहेच की, मग हे कशाला. उत्तर तयार ठेवा. त्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर पाण्यात घालून ढवळतात, गाळ खाली बसू देतात आणि वरचं पाणी गाळून घेतात. पद्धत स्वस्त आहे आणि गावपातळीवर वापरली गेलीय, पण गाळ बराच निघतो आणि तुरटीची मात्रा त्या-त्या पाण्याप्रमाणे बदलावी लागते, ती चुकली तर पाण्यात अॅल्युमिनियम राहू शकतं. तुमची पावडर पुढे फिल्टरमध्ये चालली तर ढवळणं-बसवणं लागणार नाही, पण वापरलेल्या पावडरीचं काय करायचं हा प्रश्न तुमच्याकडेही आहेच, तो कमेंटमध्ये स्वतःहून कबूल करा. त्या पद्धतीपेक्षा आमचं भारी असं मात्र म्हणू नका, दोन्ही एकाच पाण्यावर शेजारी-शेजारी चालवून पाहिल्या असतील तरच तुलना करता येते.

फोटोचं थोडक्यात सांगतो. पेपरातला ग्राफ उचलून टाकू नका, जर्नल ओपन अॅक्सेस नसेल तर त्याचे हक्क बहुतेक प्रकाशकाकडे गेलेले असतात, आणि तसाही तो ग्राफ फॉलोअरला वाचता येत नाही. पावडरीचा आणि बीकरचा स्वतः काढलेला फोटो टाका, पण अख्ख्या संत्र्याचा किंवा ताज्या सालीचा नको, कारण फोटो कॅप्शनच्या आधी दिसतो आणि मग माठात साल टाकू नका म्हणून लिहिलेलं वाया जातं. इन्स्टाच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, तर https://doi.org/ ने सुरू होणारी पेपरची लिंक बायोमध्ये ठेवा आणि फेसबुकवर थेट पोस्टमध्ये द्या. सगळ्या लेखकांची नावं टाका, आणि पोस्ट करायच्या आधी लॅबबाहेरच्या एखाद्याला, घरातलं कोणी असलं तरी चालेल, हे वाचायला देऊन एवढंच विचारा की आता तू घरी काय करशील. उत्तर "साली जमवीन" असं आलं तर पहिल्या दोन ओळी परत लिहा, "पाणी तपासून घेईन" आलं तर टाकून द्या.