‘पर माय लास्ट ईमेल’मध्ये राग किती आणि नोंद किती?

प्रश्न : मी वाळूजच्या एका कंपनीत निर्यात विभागात आहे. अमेरिकेतल्या ग्राहकाच्या मेलमध्ये ‘जस्ट सर्कलिंग बॅक’ नेहमीच असतं, आणि परवा तर ‘पर माय लास्ट ईमेल’ आलं. साहेब म्हणाले, तो चिडलाय. मला तर त्यात चिडण्यासारखं काही दिसलं नाही. खरंच राग असतो का, की आपणच मनाला लावून घेतो?

उत्तर : आपल्या साहेबांचा अंदाज बहुधा बरोबर आहे, मात्र तो ग्राहक किती चिडला आहे, हे त्या शब्दांवरून कळत नाही, ते मेलच्या उरलेल्या भागावरून आणि त्याच्या आधीच्या मेलांवरून कळते.

‘पर माय लास्ट ईमेल’ याचा सरळ अर्थ ‘माझ्या मागच्या ईमेलनुसार’ एवढाच आहे, आणि त्या अर्थाने पाहिले तर त्यात आक्षेपार्ह काहीच नाही. परंतु मागचा मेल आपल्याकडे आलेलाच आहे, बहुतेक वेळा तो याच मेलखाली जोडलेलाही असतो. मग त्याचा वेगळा उल्लेख करण्याची गरज का पडावी? लिहिणाऱ्याला फक्त माहिती पुन्हा द्यायची असती, तर त्याने ती नुसती दिली असती. ती स्वतः एकदा दिली होती हे त्याला सांगायचे आहे, आणि त्यातून निघणारा अर्थ असा की आपण तो मेल वाचला नाही, किंवा वाचून सोडून दिला. हा अर्थ अमेरिकन कार्यालयांत इतका रुळला आहे की २०१८ साली अ‍ॅडोबी कंपनीने तिथल्या कर्मचाऱ्यांना सर्वांत चीड आणणारे ईमेलमधले वाक्प्रयोग विचारले, तेव्हा ‘माझा मागचा मेल तुम्ही पाहिला की नाही, कल्पना नाही’ या अर्थाच्या वाक्याखालोखाल याच प्रयोगाचे नाव आले. तिथे हे शब्द लिहिणाऱ्याला ते कसे वाचले जातील याची पूर्ण जाणीव असते. म्हणूनच ज्याला खरोखर सौम्यपणे विचारायचे असते तो ‘माझे लिहिणे कदाचित स्पष्ट नव्हते’ अशी सुरुवात करून दोष स्वतःकडे घेतो.

या प्रयोगाचे दुसरेही एक काम आहे, आणि व्यवहारात मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते. हे शब्द नोंद करून ठेवतात. उद्या माल उशिरा पोचला आणि दोन्हीकडचे वरिष्ठ एका बैठकीत बसले, तर ‘आम्ही अमुक तारखेला विचारले होते, उत्तर आले नाही’ हे दाखवायला जुने मेल शोधत बसावे लागू नये, अशी ती तजवीज असते. त्यामुळे हे शब्द लिहिणारा कधी कधी मुळीच चिडलेला नसतो. तो केवळ सावध झालेला असतो. माझ्या मते आपण रागापेक्षा या सावधपणाचीच काळजी अधिक करावी, कारण राग ओसरतो, पण नोंद तशीच राहते.

आपल्याला हे शब्द का टोचले नाहीत, याचे कारण आपल्याकडच्या पत्रव्यवहारात आहे. तहसील, जिल्हा परिषद किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्त कार्यालयाचे कोणतेही पत्र घ्या; विषयाच्या ओळीखाली ‘संदर्भ’ असतो, त्यात ‘या कार्यालयाचे समक्रमांकाचे पत्र’ असा दिनांकासह उल्लेख असतो, आणि मजकूर ‘उपरोक्त संदर्भीय पत्रान्वये’ असा सुरू होतो. उत्तर आले नाही तर ‘स्मरणपत्र’ जाते, तरीही आले नाही तर ‘स्मरणपत्र क्रमांक २’ जाते, आणि त्यानंतर ‘विलंबाबाबत खुलासा सादर करावा’ अशी भाषा येते. हे सगळे शीर्षकातच उघड लिहिलेले असते. तिथे कार्यालय कार्यालयाला लिहिते, त्यामुळे मागच्या पत्राचा हवाला देणे हा शिष्टाचार मानला जातो, टोमणा नव्हे. आपल्या कंपन्यांच्या इंग्रजीतले ‘ॲज पर’ आणि ‘ॲज पर ट्रेलिंग मेल’ याच वळणाचे आहेत. ते आपण दिवसभर निर्विकारपणे लिहितो. अमेरिकन मेलमध्ये मात्र ‘हाय’ म्हणून पहिल्या नावाने हाक मारलेली असते, म्हणजे एक माणूस दुसऱ्या माणसाशी बोलत असतो. अशा बोलण्यात मध्येच कार्यालयीन ‘अन्वये’ आले की जवळीक काढून घेतल्यासारखे वाटते. घरात नेहमी ‘अरे’ म्हणणाऱ्या वडिलांनी अचानक ‘आपण’ म्हणून बोलावे, तसे ते असते.

‘सर्कल बॅक’ हा प्रयोग याहून गुंतागुंतीचा आहे, कारण तो दोन उलट कामांसाठी वापरला जातो आणि दोन्हींत शब्द तेच राहतात. ‘जस्ट सर्कलिंग बॅक ऑन धिस’ असे आपल्याला आले, तर त्याचा अर्थ ‘मी विचारले होते, तुमचे उत्तर अजून आलेले नाही’; हे स्मरणपत्रच आहे, फक्त त्यावर तसे लिहिलेले नाही. ‘जस्ट’ हा शब्द तिथे मागणी लहान दिसावी म्हणून येतो. याउलट बैठकीत कोणी ‘लेट्स सर्कल बॅक ऑन दॅट’ म्हणाले, तर विषय पुढे ढकलला गेला, आणि कधीपर्यंत ते कोणीच सांगितले नाही. आपल्याकडे कोणी ‘बघू की’ म्हणाले की ऐकणारा मनातल्या मनात त्यावर काट मारतो, आणि इथेही बऱ्याचदा तसेच करायला हरकत नसते. म्हणून पाहायचे ते हे की फेरा मारून परत येणारा कोण आहे : तो परत आला असेल तर उत्तर आपण देणे आहे, आणि ‘आपण परत येऊ’ असे म्हणत असेल तर उत्तर तो टाळतो आहे.

यांच्या मधला तिसरा प्रकार ‘आय विल सर्कल बॅक विथ यू’ हा आहे, आणि त्यावर अमेरिकेत बराच गदारोळ झाला. २०२१ साली व्हाइट हाउसच्या प्रसिद्धी सचिव जेन साकी पत्रकारांच्या प्रश्नांवर हे वाक्य वारंवार वापरत. त्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ ‘ही माहिती आत्ता माझ्याकडे नाही, मिळवून सांगते’ असा होता. विरोधकांनी ती पळवाट ठरवून त्यावर भरपूर थट्टा केली. त्याच वर्षाच्या अखेरीस मिशिगनमधल्या लेक सुपीरिअर स्टेट युनिव्हर्सिटीने हद्दपार करण्याजोग्या शब्दांची जी वार्षिक आणि अर्थातच गमतीची यादी काढली, तिच्यात ‘सर्कल बॅक’ होते. एकच वाक्य एकाला वचन वाटते आणि दुसऱ्याला टाळाटाळ, याचे कारण त्यात मुदत नसते. ‘गुरुवारपर्यंत सर्कल बॅक करतो’ असे लिहिले असेल तर ते वचन समजावे आणि शुक्रवारी विचारावे. मुदत नसेल तर आपण होऊन ती मागून घ्यावी.

आता एक उदाहरण धरून चालू. समजा, ग्राहकाने मंगळवारी दोन गोष्टी विचारल्या : सुट्या भागांच्या धातूचे चाचणी प्रमाणपत्र आणि माल रवाना होण्याची सुधारित तारीख. बुधवारी आपण प्रमाणपत्र जोडून पाठवले. तारीख उत्पादन विभागाकडून यायची होती, म्हणून तिच्याबद्दल काहीच लिहिले नाही. आपल्या हिशेबाने अर्धे काम झाले आणि उरलेले चालू आहे. त्याच्या हिशेबाने मात्र आपण प्रश्न वाचलाच नाही, कारण ‘तारीख अजून ठरायची आहे’ हेही त्याला कोणी सांगितले नाही. शुक्रवारी सकाळी नऊला तो ‘जस्ट सर्कलिंग बॅक ऑन द शिप डेट’ असे लिहितो. तो डेट्रॉइटकडचा असेल आणि उन्हाळ्याचे दिवस असतील, तर आपल्याकडे तेव्हा सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात आणि कार्यालय रिकामे होत असते. इथवर राग नाही, हे पहिले स्मरणपत्र आहे. पण शनिवार गेला, सोमवारचा आपला संपूर्ण दिवस गेला, आणि त्याच्या सोमवारी सकाळी त्याचा मेल येतो : ‘पर माय लास्ट ईमेल, वी नीड द रिव्हाइज्ड शिप डेट बाय वेन्सडे.’

या दुसऱ्या मेलमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, प्रत कोणाला गेली आहे? शुक्रवारी नसलेले त्याच्या किंवा आपल्या वरिष्ठांचे नाव आज त्यात दिसत असेल, तर ही तक्रार आहे, मग शब्द कितीही गोड असोत. दुसरी, ‘हाय’ आणि आपले नाव राहिले आहे की मजकूर थेट सुरू झाला आहे? एरवीही तो नाव लिहीत नसेल तर यावरून काही ठरवू नये. बदल झाला असेल तरच त्याला अर्थ आहे. तिसरी, मुदत. बुधवार ही त्याची खरी गरज आहे की धाक, हे कळत नसले तरी ती आता लेखी आहे, आणि बुधवार उलटला की पुढचा मेल आपल्याला न येता साहेबांना येतो. आपल्या बाबतीत परवाच्या मेलमध्ये नवी प्रत गेली नसेल आणि नावाने हाक कायम असेल, तर तो वैतागला आहे, पण प्रकरण वर नेण्याच्या विचारात अजून नाही.

उत्तर देताना लांबलचक दिलगिरी लिहू नये. अमेरिकन वाचक तिच्यात तारीख शोधतो आणि ती शेवटच्या ओळीत सापडली की आणखी वैतागतो. पहिल्याच वाक्यात तारीख द्यावी. ती ठरलेली नसेल तर ‘उत्पादन विभागाकडून उद्या दुपारी कळेल, आपल्या बुधवारच्या सकाळपूर्वी कळवतो’ इतके स्पष्ट लिहावे, त्यानंतर एका वाक्यात खेद, आणि बस. ‘वी विल चेक अँड रिव्हर्ट’ असे मात्र लिहू नये. आपल्याकडे ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर देणे, पण अमेरिकेत त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा घेतला जातो; आणि तो वाक्य समजून घेईल असे धरले, तरी त्यात मुदत नाहीच.

आपल्या बाजूने लिहिताना ‘ॲज पर माय मेल’ हे शब्द देशातल्या पुरवठादाराला खुशाल लिहावेत, तिथे ते कोणी मनाला लावून घेत नाही. परदेशी ग्राहकाला मात्र ‘मंगळवारच्या मेलमधली आकृती सोयीसाठी पुन्हा जोडत आहे’ असे लिहून ती खरोखर जोडावी. मागच्या मेलची तारीख त्यात येतेच, म्हणजे नोंद झालीच, आणि त्याला खाली सरकवत जुना मजकूर शोधावाही लागत नाही.