हातची ऑर्डर सोडणारा माणूस

“ताई, चुलतभावाने टॉवेलची ऑर्डर आणली होती. निम्मा माल माझ्या मागांवर निघायचा होता. लाखभर नफ्यातले पंधरा हजार देतो म्हणाला, मी नको म्हणालो. ऑर्डर गेली, दोघांनाही काही मिळालं नाही. बायको म्हणते, पंधरा हजार काय वाईट होते? स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेणारा माणूस वेडा असतो का?”

सोलापुरातल्या एका यंत्रमागवाल्याचा हा प्रश्न. त्याच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

वेडा नाही, हे मी त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं. ते नुसतं त्याची समजूत घालणं नव्हतं. 1982 मध्ये जर्मनीतल्या कोलोन इथे वर्नर ग्यूथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी असाच प्रसंग प्रयोगात मांडला. एकाला रक्कम द्यायची. त्याने तिची वाटणी दुसऱ्याला सुचवायची, तीही एकदाच. दुसरा हो म्हणाला तर ठरल्याप्रमाणे वाटप होतं, नको म्हणाला तर दोघेही रिकाम्या हाताने जातात. निव्वळ हिशेब पाहिला तर एक रुपया मिळाला तरी घ्यावा. माणसं तसं करत नाहीत. पुढे अनेक देशांत हा प्रयोग झाला आणि पाचव्या हिश्श्याहून कमी रक्कम साधारण निम्मे लोक नाकारतात असं दिसलं. याच्या वाट्याला तर शंभरातले पंधराच येत होते.

पण एवढ्यावर थांबले असते तर त्याचा राग तसाच राहिला असता. म्हणून मी विचारलं, “समजा हाच आकडा चिठ्ठी टाकून निघाला असता, तर घेतले असते पंधरा हजार?”

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “घेतले असते. नशीब म्हटलं असतं.”

म्हणजे खुपलं होतं ते पंधरा हजार नव्हेत, तर ते ठरवणाऱ्याचा हेतू. आर्मिन फाल्क, अर्न्स्ट फेर आणि उर्स फिशबाखर यांनी 2003 मध्ये हेच वेगळं काढून दाखवलं. दहापैकी आठ मला, दोन तुला, ही वाटणी त्यांनी सगळीकडे तीच ठेवली. बदलला तो फक्त सुचवणाऱ्यासमोरचा दुसरा पर्याय. पाच-पाच करता येत असूनही त्याने आठ-दोन केलं, तेव्हा सुमारे 44 टक्के लोकांनी नाकारलं. आठ-दोनशिवाय पर्यायच नव्हता, तेव्हा 18 टक्क्यांनी. आणि दुसरा पर्याय ‘सगळे दहा मला’ असा होता, तेव्हा जेमतेम 9 टक्क्यांनी. हातात येणारे दोन तेच, पण समोरच्याला काय करणं शक्य होतं यावर आपला नकार ठरतो.

माझ्या कामात हा प्रश्न फार उपयोगी पडतो, कारण ‘त्याला शक्य होतं’ हे आपण बहुतेक वेळा गृहीत धरलेलं असतं. मी विचारलं, “सूत कुणाच्या पैशाचं होतं?” भावाच्या. “उधारी किती दिवसांची?” ते याला माहीत नव्हतं. त्याने विचारलंच नव्हतं. ‘नको’ एवढंच म्हणून फोन ठेवला होता आणि नंतर उचलला नव्हता.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. शाओ आणि हाउझर यांच्या 2005 च्या प्रयोगात काही जणांना हो किंवा नको सांगतानाच समोरच्याला चार शब्द लिहून पाठवायची मुभा होती. पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी देऊ करणाऱ्याला एरवी 60 टक्के लोक नाकारत. लिहायची सोय मिळाली तेव्हा हे प्रमाण 32 टक्क्यांवर आलं. बोलायला दुसरी वाटच नसेल, तर माणूस स्वतःचे पैसे जाळून बोलतो.

त्याला मी घरून पत्र लिहून आणायला सांगितलं, न पाठवता. पहिल्यात नुसत्या शिव्या होत्या. आठवड्याने आणलेल्या दुसऱ्यात एक वाक्य होतं: “माझे माग, माझी वीज, माझा कामगार, आणि तू मला मजुरी सांगितलीस, भागी नाही.” ते मी त्याला भावासमोर जाऊन बोलायला सांगितलं.

इथे एक सांगायला हवं. प्रयोगातली माणसं अनोळखी होती, एकदाच भेटणारी. चुलतभाऊ दर लग्नात, दर गड्ड्याच्या जत्रेत समोर येतो. अशा नात्यात एकदा दिलेला नकार पुढच्या वाटणीसाठी इशाराही असतो, तो निव्वळ तोट्यात धरू नये. म्हणून ‘घ्यायला हवे होते’ असं मी त्याला कधीच म्हटलं नाही.

दोघे बोलले. भावाने सुताची उधारी सांगितली, ती खरोखर मोठी होती. तरी त्याचा भाग पंधराहून बराच जास्त निघत होता, हे भावालाही मान्य करावं लागलं. गेलेली ऑर्डर परत आली नाही. पुढच्या वेळी आधी सूत, वीज, मजुरी वजा करायची आणि उरलेलं माग मोजून वाटायचं, असं त्यांनी वहीच्या पानावर लिहून ठेवलंय. बायकोने ते पान मला फोनवर वाचून दाखवलं.