माशी हे त्या झाडाचे जेवण नव्हे, खत आहे

प्रश्न : माझ्या व्हीनस फ्लायट्रॅपला मी मेलेली माशी दिली, पान मिटले, पण दुसऱ्या दिवशी माशी तशीच ठेवून परत उघडले. असे का होते? त्याला भूक नसेल तर मातीत खत घालू का?

खत घालू नका. हे एवढ्या ठामपणे लिहितो आहे, कारण याच एका मुद्द्यावर माझे आणि माझ्या काकांचे अनेक वर्षे वाजले आहे. काकांच्या मते जे झाड मांस खाते त्याचे पोट मांसाने भरते, आणि ते खात नसेल तर त्याला दुसरे काहीतरी खाऊ घातले पाहिजे. मी बाहेरगावी असताना त्यांनी माझ्या फ्लायट्रॅपच्या सर्वांत मोठ्या पानात मांसाचा एक तुकडा कोंबला आणि वर कुंडीत रासायनिक खताचे चमचाभर दाणे टाकले. मी परतलो तेव्हा ते पान नीट मिटलेलेच नव्हते. तुकडा मोठा असल्याने कडांमध्ये फट राहिली होती, त्या फटीतून आत जंतू शिरून मांस सडले होते आणि पान मध्यापासून काळे पडून लिबलिबीत झाले होते. त्याची बातमी नाकाला आधी लागली. बाकीच्या पानांची टोके तपकिरी पडून वाळत चालली होती आणि काही आठवड्यांत मधला कोंबही गेला. काका आजही म्हणतात की झाड मुळात नाजूकच होते.

आता तुमच्या माशीकडे येतो. त्या पानाच्या प्रत्येक पाळीवर आतल्या बाजूला साधारण तीन बारीक केस असतात. एका केसाला एकदा धक्का लागला तर काहीच होत नाही, पण साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा धक्का लागला की पान सेकंदाच्या काही दशांश भागात मिटते. वाऱ्याने आलेल्या काडीसाठी किंवा पावसाच्या थेंबासाठी उगाच मिटू नये म्हणून ही दोन धक्क्यांची अट आहे. माशी ठेवताना तुमच्या हाताने ते दोन धक्के लागले, पण पान मिटले म्हणजे पचन सुरू झाले असे नाही. जिवंत किडा आत धडपडतो, केसांना पुन्हा पुन्हा धक्के देतो, आणि असे आणखी काही धक्के लागल्यावरच पानाच्या आतल्या ग्रंथी आम्ल आणि पाचक रस सोडू लागतात व कडा घट्ट चिकटून पानाचे जणू बंद पोट तयार होते. मेलेली माशी हलत नाही, त्यामुळे पान तिला काडीच समजते आणि साधारण दिवसभराने उघडते. मेलेला किडा द्यायचाच असेल तर तो पानाच्या एक तृतीयांशाहून मोठा नको, आणि पान मिटल्यावर ते बाहेरून बोटांनी अगदी हलके काही मिनिटे चोळावे.

काकांना कधीच न पटलेली गोष्ट अशी की झाडाला ऊर्जा सूर्यप्रकाशातूनच मिळते, माशीतून त्याला हवे असते ते मुख्यतः नत्र आणि स्फुरद. ही झाडे सतत ओल्या, आम्लधर्मी दलदलीतली. पाण्याने भरलेल्या जमिनीत प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे मेलेली पाने पुरती कुजत नाहीत, त्यांतले नत्र त्यांतच अडकून राहते, आणि जे थोडे सुटते तेही पाण्याबरोबर वाहून जाते किंवा जंतू त्याचा वायू करून टाकतात. सापळा मात्र महाग पडतो, कारण तो साध्या पानापेक्षा प्रकाशसंश्लेषण कमी करतो आणि पाचक रस बनवायला ऊर्जा जाते. हा व्यवहार फक्त तिथेच परवडतो जिथे ऊन आणि पाणी मुबलक आहे आणि उणीव केवळ खताची आहे. सावलीत किंवा कोरड्या जमिनीत वाढ आधी प्रकाशावाचून किंवा पाण्यावाचून अडते, मग माशीचे नत्र मिळून उपयोग काय? उत्तर अमेरिकेतल्या सारासेनिया पर्प्युरिया या सुरईसारख्या पानांच्या झाडाला संशोधकांनी नत्र पुरवून पाहिले, तेव्हा त्याने सापळ्याच्या सुरया कमी आणि साधी चपटी पाने जास्त काढली. फुकट खत मिळाल्यावर झाडाने शिकारीचा खर्च कमी केला, यापेक्षा स्पष्ट पुरावा काकांना कुठला द्यायचा?

फ्लायट्रॅपची मुळे मात्र क्षारांना सरावलेली नसतात, म्हणून मातीत खत किंवा नळाचे क्षारयुक्त पाणी घातले की टोके जळतात. त्याला पावसाचे किंवा डिस्टिल्ड पाणी द्या. अनुभवी लोक काही जातींच्या सुरयांत अतिशय पातळ खत देतात हे खरे, पण ते पानाला देतात, मुळांना नाही. आणि किडा न मिळाल्याने भरपूर उन्हातले झाड मरत नाही, फक्त हळू वाढते. एखादे जुने पान तीन-चार किडे पचवून काळे पडले तर घाबरू नका, ते त्याचे आयुष्य संपल्याचे लक्षण आहे. काळजी मधल्या कोंबाची करायची, तो हिरवा आणि घट्ट असेल तर झाड ठीक आहे.