थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर आयडल रीलर्न होत नसेल तर

प्रश्न: निसान सनी २०१३, पेट्रोल, मॅन्युअल. बॅटरी काढून थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली. तेव्हापासून आयडलला आरपीएम ११००-१२०० वर अडकतो, मध्येच खाली येऊन गाडी थरथरते आणि चेक इंजिनचा दिवा जात नाही. बॅटरीची वायर काढून लावली, पेडलवालं रीलर्नही केलं, फरक नाही. परत परत करत राहू की थ्रॉटल बॉडीच बदलू?

उत्तर:

दोन्ही नको. आधी बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा प्रयत्न थांबवा. त्याने दिवा थोडा वेळ जातो, पण सोबत कोड, कोड पडला त्या वेळची नोंद आणि इंजिनने शिकून ठेवलेलं पेट्रोलचं माप, सगळंच पुसलं जातं. अनेकदा थ्रॉटलचं शिकलेलंही जातं. म्हणजे दर वेळी तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर येता, आणि दोष कुठे आहे हे सांगणारा पुरावाही हातचा जातो. कोड पुसायचा तो स्कॅनरनेच, आणि तोही वाचून लिहून घेतल्यावर.

आता रीलर्नने नेमकं काय होतं ते पाहू. थ्रॉटलच्या झडपेभोवती काजळी साचत जाते तशी आयडलला हवा कमी पडते. ईसीयू म्हणजे इंजिनचा संगणक झडप किंचित जास्त उघडून ती भरून काढतो आणि तेवढं उघडणं लक्षात ठेवतो. काजळी गेली की त्याच उघडण्यातून जास्त हवा आत येते आणि आरपीएम चढतो. हा साफ केल्यानंतरचा नेहमीचा त्रास. नुसती बॅटरी काढली आणि काजळी तशीच राहिली, तर बहुतेक उलटं होतं: आरपीएम पडतो, सिग्नलला गाडी बंद पडते. रीलर्नने ईसीयू झडपेचं नवं उघडणं शिकतो, म्हणून या दोन्हींवर तो बरोबर इलाज आहे. पण झडपेच्या पलीकडून, न मोजलेली हवा आत शिरत असेल, तर ईसीयूने झडप पूर्ण मिटवली तरी आरपीएम खाली येत नाही. अशा वेळी रीलर्न पुरं होतच नाही. निसानच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्येही रीलर्न फसलं तर हेच तपासायला सांगितलंय: झडप पूर्ण मिटते का, इंजिनमधला वायू परत इनटेकमध्ये सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह ठीक आहे का, थ्रॉटलच्या पुढे इंजिनच्या बाजूला कुठे हवा गळतेय का.

ओळखीतल्या एका सनीची हीच कहाणी होती. साफसफाईनंतर आयडल साधारण ११५०, स्कॅनरवर P0507 (आयडल अपेक्षेपेक्षा जास्त) आणि P0171 (मिश्रणात पेट्रोल कमी). नुसता P0507 असता तर मीही आधी रीलर्नच केलं असतं. सोबत P0171 दिसला म्हणून लाइव्ह डेटा उघडला. त्यात लाँग टर्म फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. आयडलला तो अधिक २१ होता, आणि अॅक्सिलरेटर देऊन २५०० आरपीएमला धरल्यावर अधिक ५ वर आला. या दोन आकड्यांतला फरक फार बोलका असतो. आयडलला इंजिन मुळातच कमी हवा ओढतं, त्यामुळे छोट्या भेगेतून येणारी हवाही त्यात मोठा वाटा घेते. जास्त आरपीएमला एकूण हवा वाढते आणि तीच भेग नगण्य ठरते. आकडा दोन्हीकडे सारखाच जास्त असता, किंवा वर गेल्यावर वाढला असता, तर पेट्रोलचा दाब किंवा एअर फ्लो सेन्सर बघितला असता.

मग गाडी आयडलला ठेवून इनटेक मॅनिफोल्डला येणारे रबरी पाइप एकेक करून, चिमट्याला कापड गुंडाळून, दाबत गेलो. ब्रेक बूस्टरच्या पाइपने काही फरक पडला नाही. पीसीव्हीचा पाइप दाबल्याबरोबर आरपीएम ८०० च्या आसपास उतरला. वरून तो पाइप धडधाकट दिसत होता. काढून उलटा केला तर वळणावर, खालच्या बाजूला, नखाएवढी चीर. जुनं रबर कडक झालेलं असतं. थ्रॉटल बॉडी काढताना असे पाइप ओढले जातात आणि चिरतात, त्यात नवल नाही. तिथेच थ्रॉटल बॉडीचं गॅस्केटही बघा. ते पुन्हा वापरायचं नसतं, तरी बहुतेक ठिकाणी जुनंच बसवतात. एक विनंती, गळती शोधायला चालू गरम इंजिनवर कार्ब क्लीनर मारू नका, तो पेट घेतो. पाइप दाबून सापडलं नाही तर स्मोक टेस्ट करून घ्या.

पाइप आणि गॅस्केट नवं टाकून, कोड स्कॅनरने पुसून मग रीलर्न केलं, आणि ते लगेच झालं. पेडलची पद्धत वेळेच्या बाबतीत फार काटेकोर आहे, म्हणून घड्याळ समोर ठेवा. इंजिन पूर्ण गरम, चालू असताना बॅटरीवर १२.९ व्होल्टपेक्षा जास्त, एसी-दिवे-पंखा बंद, स्टिअरिंग सरळ, गाडी न्यूट्रलला. मग इंजिन बंद करा. आधी पेडलला पाय न लावता इग्निशन ऑन करून २ सेकंद आणि ऑफ करून १० सेकंद, असं दोनदा. ऑफ केल्यावर बॉनेटखाली थ्रॉटलचा बारीक आवाज येतो का ते ऐका. तो आला नाही तर पुढे जाऊ नका. मग इग्निशन ऑन, ३ सेकंद थांबा, ५ सेकंदांत पेडल ५ वेळा पूर्ण दाबून पूर्ण सोडा. ७ सेकंद थांबा. आता पेडल पूर्ण दाबून धरा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागेल, तरी सोडू नका. सुमारे २० सेकंदांनी तो लुकलुकणं थांबवून स्थिर पेटतो, त्यानंतर ३ सेकंदांच्या आत पाय काढा. लगेच गाडी सुरू करा, २० सेकंद आयडलला राहू द्या, मग दोन-तीनदा रेस देऊन बघा. आयडल ६५० ते ७०० च्या आसपास बसायला हवा. बरेच जण दिवा लुकलुकायला लागला की झालं समजून पाय काढतात. तेव्हा गाडी नुसती कोड दाखवण्याच्या अवस्थेत जाते, रीलर्न होत नाही.

त्या गाडीत ट्रिम चालवता चालवता खाली आला. कोड न पुसताही दोष गेला असेल तर साधारण सलग तीन ठीक फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो, त्यामुळे दुरुस्तीनंतर लगेच विझला नाही म्हणून घाबरू नका. दिवा चालवताना लुकलुकत असेल तर मात्र तो मिसफायर आहे. तशी गाडी दामटली तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो, आणि रीलर्नचा त्याच्याशी संबंध नाही.

थ्रॉटल बॉडी बदलायचा विचार P2135 किंवा P2119 सारखे थ्रॉटलच्याच दोषाचे कोड आले तरच करा, आणि तेव्हाही आधी तिचा कनेक्टर काढून पिना बघा, क्लीनर आत गेलेला असू शकतो. साफ करताना झडप बोटाने जोर देऊन उघडली होती का, हेही मेकॅनिकला विचारून घ्या, कारण आतले गिअर प्लास्टिकचे असतात.

स्कॅनर लावलात की कोड, आणि आयडल व २५०० आरपीएमचे ट्रिमचे आकडे इथे टाका, पुढे कुठे बघायचं ते सांगतो.