फोटोओळीतले अंदाज कसे काढून टाकायचे?

"सोसायटीच्या मासिकासाठी ही ओळ सुधारून द्या: 'पर्यावरणप्रेमाने भारावलेले शेकडो रहिवासी भल्या पहाटे दादर चौपाटीवर जमले.' फोटोत आठ जण पोत्यांत प्लास्टिक भरताहेत, मागे समुद्रावर सूर्य टेकलाय."

दादरचा किनारा पश्चिमेकडे आहे, तेव्हा समुद्रावर टेकलेला सूर्य संध्याकाळचाच. 'पहाटे' चुकीचं आहे. 'भारावलेले' हा मनातला भाव, तो कॅमेऱ्याला दिसत नाही. 'शेकडो'चा आधार फोटोत नाही. ते आठ जण सोसायटीचेच आहेत, हे फोटो काढणाऱ्याला विचारा. खात्री झाली, तर असं लिहा:

'दादर चौपाटीवर संध्याकाळी प्लास्टिक गोळा करताना सोसायटीचे रहिवासी.'

नाहीतर 'सोसायटीचे रहिवासी'ऐवजी 'स्वयंसेवक'सुद्धा नको, फक्त 'नागरिक' लिहा. पुढे तारीख घाला. मासिकात 'रविवारी' म्हटलं तर कुठला रविवार ते कळत नाही.